पेडलची ओळ

चार वाजता चाचणी सामना होता आणि साडेतीनला धाकट्या भावाचा गेममधला गडी जागेवरच उभा होता.

त्याचा उजवा हात यंत्रात गेल्याला आठ महिने झाले. माऊस डाव्या हाताने जमला, चालण्यासाठी पायाखाली पेडल बसवलं. पण पुढे जाताना ते दाबून धरावं लागे, आणि दहा मिनिटांत त्याच्या पोटरीत गोळा येई. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की थांब, असं हवं होतं. कंट्रोल्सच्या मेनूत तशी सोयच नाही. मेनू करणाऱ्यांना दोन्ही हात असणार, दुसरं काय.

कॅप्टनने स्पष्ट सांगितलं होतं, आज जमलं तर संघात, नाही तर दुसरा पोरगा तयार आहे. धाकटा घराबाहेरच्या माणसांशी बोले तो संघातल्या या चौघांशीच.

गेमच्या सेटिंग्जची फाईल उघडून आज्ञा मीच लिहिल्या. एक चालू करणारी, एक थांबवणारी, प्रत्येक आज्ञा आपलं काम करून पेडलची कळ दुसरीच्या हवाली करते. सेव्ह केलं. मागे उघडाच असलेला गेम बंद करून पुन्हा लावला. गडी ढिम्म. फाईल पाहिली तर माझ्या ओळी गायब.

पुन्हा लिहिल्या, पुन्हा गायब.

"तू कशाला तरी हात लावतोयस," मी खेकसले.

"कुठला लावू, ताई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायलाही वेळ नव्हता.

चारला पाच कमी असताना फाईलपुढची वेळ पाहिली. ती मी सेव्ह केल्याची नव्हती, गेम बंद केल्याची होती. बंद होताना गेम आपल्याजवळच्या जुन्या सेटिंग्ज त्याच फाईलवर लिहीत होता. दोन्ही वेळा माझ्या ओळी मीच पुसल्या होत्या. मग त्याच आज्ञा वेगळ्या फाईलीत टाकल्या. सुरू होताना गेम ती वाचतो, पण तिच्यावर कधी लिहीत नाही.

धाकट्याने पेडल दाबलं. पाय उचलला तरी गडी चालत राहिला. पुन्हा दाबलं, थांबला.

चार वाजून सहा मिनिटं झाली होती. मी कॅप्टनला फोन लावला. "चूक माझी आहे रे. त्याचं सगळं नीट चालतंय. दहा मिनिटं दे त्याला."

"सामना सुरू झालाय, ताई. दुसऱ्याला घेतलंय. आता कायमचंच घेतलंय."

फोन स्पीकरवर होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"तुझ्या ओळी पहिल्यांदाच बरोबर होत्या ना?" धाकट्याने विचारलं.

"हो."

तो पडद्याकडेच बघत होता. "मग मी बसलो असतो त्यांच्यात," तो म्हणाला, आणि पेडलवरचा पाय काढून घेतला.