चार मोजत नाहीत

नाच शिकवायच्या व्हिडिओचं शूटिंग असलं की मी भिंतीवरचं घड्याळ आधी उतरवते. शिकवणारा कॅमेऱ्याकडे तोंड करून नाचतो, म्हणजे त्याचा डावा पाय बघणाऱ्याच्या उजव्या हाताला पडतो. शिकणाऱ्याचा गोंधळ नको म्हणून नंतर मी सगळं चित्र आरशासारखं उलटवते. मग तो डावा पाय बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येतो आणि त्याने समोर दिसेल तसं करायचं, बस. पण घड्याळ राहिलं तर तेही उलटतं आणि काटे मागे मागे जायला लागतात. मग व्हिडिओखाली लोक पायांबद्दल एक शब्द लिहीत नाहीत, सगळे घड्याळाचीच चेष्टा करतात. नाचता येईना अंगण वाकडं!

त्या शनिवारी मी घड्याळ उतरवायला विसरले. माझं डोकंच ठिकाणावर नव्हतं. लिबार्दो मास्तर येणार होते.

आमच्या काली शहरात साल्सा नाचणाऱ्याला 'लिबार्दोची चाल' माहीत नाही असं होत नाही. माहीत म्हणजे ऐकून. मास्तर ती लग्नात, वाढदिवसाला, डोळ्याचं पातं लवावं इतक्यात करून टाकायचे. शिकवली कुणालाच नाही. आता ते चौऱ्याहत्तरचे होते आणि सोमवारी त्यांचा गुडघा बदलायचा होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यापुढे चालायचं, नाचायचं नाही. तेव्हा कुठे त्यांचा फोन आला, "यामिलेत, पोरी, काढून घे बाई एकदाची."

मला ती चाल हवी होती, पण कारण वेगळं होतं. ती चाल ते माझ्या आईबरोबर नाचायचे. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची. तिला नाचताना पाहिल्याचं मला काही आठवत नाही, फिल्म तर त्या काळी कोण काढणार! नाचतानाचा एक फोटो आहे. काढणाऱ्या गाढवाने तो घोट्यापाशी कापलाय. आईचे हात आहेत, हसू आहे, पाय नाहीत. माझ्या व्हिडिओत कुणाचे पाय कापले गेले की मी का ओरडते ते माझ्या विद्यार्थ्यांना कळत नाही. मला वाटत होतं, मास्तरांचे पाय नीट मिळाले तर त्यांच्या समोर आईचे पाय कुठे पडत असतील याचा अंदाज तरी बांधता येईल. सोमवारनंतर तेही मिळणार नव्हतं.

दुपारी तीनला दोघं आली. मास्तर आणि त्यांची बायको अलेइदा मावशी. मावशीच्या हातात चोंतादुरोची फळं, उकडलेली, मीठ आणि मध लावलेली. मास्तरांच्या अंगात डॉमिनो क्लबचा शर्ट, छातीवर हे एवढाले शब्द.

"मास्तर, फोनवर सांगितलं होतं ना, अक्षरं नकोत म्हणून? चित्र उलटं करते मी. सगळं उलटं वाचलं जाईल."

"मग लोकांनी उलटं होऊन वाचावं," मास्तर म्हणाले.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," मावशी म्हणाली. "काढ तो शर्ट, म्हाताऱ्या, आणि आतली बाजू बाहेर करून घाल."

मी जमिनीवर चिकटपट्टीने खूण केली, कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणला, डोक्यापासून बुटापर्यंत मास्तर चौकटीत बसवले. सेकंदाला साठ चित्रं, म्हणजे नंतर वेग अर्धा केला तरी पाय धडपडत पुढे सरकल्यासारखे दिसत नाहीत. गुडघा तीनदा साथ देईल असं ते म्हणाले होते. तीनच टेक घेतले. पंखा बंद होता, बाहेर गल्ली झोपलेली, आणि मास्तर त्या उकाड्यात इतके हलके नाचले की मला वाटलं हे जागेपणी चाललेलं नाही.

"आता आकडे बोलून दाखवा," मी म्हटलं. "नाचू नका, नुसतं मोजा. ते मी हळू भागावर लावीन."

"एक, दोन, तीन..." मास्तर म्हणाले आणि थांबले.

"बरोबर. चार मोजत नाहीत. मग पाच, सहा, सात. आठही मोजत नाहीत."

"चार रिकामा नाही."

"मास्तर, साल्सात चार रिकामाच असतो, त्यावर पाऊल नसतं. वीस वर्षं हेच शिकवून पोट भरतेय मी."

"असेल तुझ्याकडे रिकामा," ते म्हणाले आणि चोंतादुरो सोलायला बसले.

मी कॉम्प्युटर पुढे ओढला, चित्र उलटवलं आणि आधी पाऊण वेग केला. गाणाऱ्याचा आवाज एकदम जाड, माणसासारखा झाला. मास्तर हसले. त्यांच्या तरुणपणी इथे रेकॉर्ड मुद्दाम जास्त वेगाने वाजवायचे, मिनिटाला तेहतीस फेऱ्यांची पंचेचाळीसवर, म्हणूनच आमचे पाय असे पळतात. त्यांनी आणलेलं गाणं तसंच पळवलेलं होतं.

"हा गडी खरं तर असा गायचा," ते म्हणाले. "पन्नास वर्षं आम्ही याला उंदीर करून ठेवलं होतं."

मग मी वेग अर्धा केला. गाणं आता पाण्याखालून आल्यासारखं वाटत होतं. पडद्यावर मास्तर तरंगत होते. त्यांच्या मागे घड्याळाचा सेकंदकाटा उलटा, सावकाश, मागे मागे निघाला होता, आणि मी कपाळावर हात मारला. पण मास्तर घड्याळाकडे बघत नव्हते. हातातलं फळ तसंच राहिलं होतं.

"हा मी नाही," ते म्हणाले.

"उलटवलंय ना, म्हणून तसं वाटतं."

"मी डाव्या पायाने निघतो. हा उजव्याने निघालाय."

"निघालाय डाव्यानेच, मास्तर. उलटवल्यामुळे—"

"उलटवलंस ते मला कळलं गं! मला शिकवू नकोस. माझ्या समोर उभं राहून उजव्या पायाने कोण निघायचं, ते सांग."

मास्तर टेबलाला धरून उठले. मावशी "गुडघा, गुडघा" करत राहिली. पडद्यापुढे ते डाव्या पायाने एक पाऊल टाकत, तर पडद्यातला समोरून उजव्याने उत्तर देई. ते थांबत, पण तो थांबत नसे, कारण तो काही त्यांचा आरसा नव्हता. तो आपला चालत राही.

"नोएमी," ते पडद्याला म्हणाले. माझ्या आईचं नाव.

मग ते खाली बसले आणि माझ्याकडे न बघता बोलायला लागले. "चाल तिची. मी तिच्या समोर उभा राहून उचलली. ती उजव्याने, म्हणून मी डाव्याने. स्पर्धेत माझं नाव पुकारलं, लोक लिबार्दोची चाल म्हणायला लागले. ती हसली नुसती. मीही गप्प बसलो. ती गेल्यावर तर बोलायला तोंडच राहिलं नाही. शिकवली असती तर कुणीतरी विचारलं असतं, सुचली कशी? काय सांगणार होतो मी?"

मला राग आला. खरं सांगते, खूप आला. पन्नास वर्षं माझ्या आईचे पाय या माणसाने स्वतःच्या बुटात घालून फिरवले होते, आणि मी एका कापलेल्या फोटोकडे बघत मोठी झाले.

"मला वाटायचंच," मावशी हळूच म्हणाली. "याला साधी भाजी सुचत नाही, चाल कुठली सुचते!"

मी चिडून व्हिडिओ मागे नेला. "आणि चारवर काय आहे? दाखवा. निदान ते तरी दाखवा."

मी एकेक चित्र पुढे सरकवलं. एक, उजवा. दोन, डावा. तीन, उजवा. आणि मग, पूर्ण वेगात जे कधीच कुणाला दिसलं नव्हतं ते दिसलं. मोकळ्या डाव्या पायाची टाच जमिनीला हलकेच टेकून आपटली, आणि लगेच पाच.

"तिचा डावा जोडा सैल होता," मास्तर म्हणाले. "नवा घेतला तरी डावा सैलच. एक पाय किंचित लहान होता तिचा. टाच बाहेर यायची, मग रिकाम्या चारवर ती आपटून आत बसवायची. लोकांना वाटायचं, काय नजाकत आहे! मलाही वाटलं. मी तेही उचललं, माझ्या उजव्या पायात. माझा जोडा तर घट्ट होता."

मी माझ्या पायांकडे पाहिलं. माझ्या डाव्या बुटात कापूस असतो. सोळाव्या वर्षापासून. दुकानदार जोडी फोडून देत नाही, म्हणून कापूस. तो पाय आजीवर गेलाय की आत्यावर, मला कुणी कधी सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं.

मी खाली बसले, बूट काढला आणि कापूस बाहेर ओढला. मावशीने हात पुढे केला, मी तो बोळा तिच्या हातावर ठेवला. डोंगरावरून रोजची संध्याकाळची हवा तेवढ्यात आत आली आणि खिडकीचा पडदा फुगला. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

"उभी राहा," मास्तर म्हणाले. "माझ्या समोर. पडदा नको, तो उलटा आहे. मी बसून करतो."

मी कॅमेरा चालू करून मावशीच्या हवाली केला. "पाय कापू नकोस, मावशी."

"डोकं कापीन, पण पाय नाही," मावशी म्हणाली.

मास्तर खुर्चीत बसून नुसते बूट हलवत होते, डावा, उजवा, डावा. मी समोर, उजवा, डावा, उजवा. मग माझी टाच खरंच निसटली. सैल बुटात ती निसटणारच. मी ती आपटून आत बसवली, आणि पाच माझ्या पायाखाली आपोआप आला. मास्तरांनी डोळे मिटले.

तो व्हिडिओ अजून आहे. आधी मास्तर, उलटवलेले, डाव्याने निघणाऱ्यांसाठी. मग पाठमोरी मी, न उलटवलेली, कारण पाठमोरं उलटवायची गरज नसते. शीर्षक मास्तरांनीच सांगितलं, नोएमीची चाल. सोमवारी दवाखान्यात जाण्याआधी ते आकडे बोलायला परत आले. चारवर काय म्हणायचं, हे त्यांनी ठरवून आणलं होतं.

अर्ध्या वेगात ते म्हणतात, "एक, दोन, तीन, नोएमी, पाच, सहा, सात." नाव तिथे बरोबर बसतं. पाऊण वेगात थोडं घाईने, पण बसतं. पूर्ण वेगात मात्र तेवढी जागा नसते. मास्तरांनी चारदा प्रयत्न केला आणि माईक माझ्याकडे ढकलला, "तू मोज, माझी जीभ म्हातारी झाली."

मीही पुरी पडले नाही. त्या वेगात नावाचं शेवटचं अक्षर तेवढं तोंडात येतं. खाली लोक विचारतात, बाई चारवर असं काय म्हणतात? घड्याळाबद्दलही विचारतात. मी तो भाग पुन्हा लावते आणि नुसतं ऐकते.

एक, दोन, तीन, मी.