सहाव्या दिवशीचा आकडा

लेकीने गेल्या वर्षी मला मनगटावरचं घड्याळ घेऊन दिलं. ते नाडी मोजतं, शिवाय दोन ठोक्यांमधलं अंतर किती कमीजास्त होतं तेही. बसल्याजागी माझी नाडी साठ-बासष्ट असायची आणि तो दुसरा आकडा चाळिसाच्या आसपास.

बायको गेली आणि नाडी पंचाहत्तरवर गेली. दुसरा आकडा बाविसावर आला. पाच दिवस तसंच होतं. लेक रोज माझं मनगट धरून बघायची.

"एका दिवसाचं धरायचं नाही, बाबा. तुमच्याच नेहमीच्या आकड्यांशी ताडायचं. दुःखात असं होतंच. हळूहळू येईल जागेवर."

मला जागेवर यायचं नव्हतं. घरात तिची चप्पल तशीच होती.

सहाव्या दिवशी सकाळी लेक स्वयंपाकघरातून फोनवर घड्याळाचे आकडे बघून ओरडलीच, "बाबा, बावीसचे पंच्याण्णव! शरीर सावरतंय तुमचं!"

मी घड्याळ काढून टेबलावर आपटलं. पस्तीस वर्षांचा संसार आणि हे शरीर सहा दिवसांत सावरलं? लाज वाटली. असलं निर्लज्ज काळीज माझंच असायचं होतं.

दुपारी जिना चढताना तिसऱ्या पायरीवरच बसलो.

"म्हाताऱ्या इंजिनासारखे धापा टाकताय," लेक म्हणाली. पण हसली नाही. तशीच मला दवाखान्यात घेऊन गेली.

लेकीने सोबत आणलेल्या घड्याळाकडे डॉक्टरबाईंनी बघितलंच नाही. दोन बोटं मनगटावर ठेवून मिनिटभर ठोके मोजले आणि लगेच ईसीजी काढला.

"नाडी किती दाखवत होतं सकाळी?"

"एकशेआठ," लेक म्हणाली. "पण तो दुसरा आकडा सुधारला ना?"

"माणूस सावरतो तेव्हा नाडी खाली येते आणि तो आकडा वर जातो. इथं दोन्ही एकदम वर गेलेत. पहिले पाच दिवस दुःखाचे होते, ते चाललं असतं. आठवडे उलटूनही उतरलं नसतं, तर मात्र तपासावं लागलं असतं. आजचं हे वेगळं आहे." त्यांनी ईसीजीची पट्टी पुढे धरली. ठोके कसेही पडले होते, एक जवळ, एक लांब. "ताल सुटलाय. घड्याळाला तो गोंधळच सुधारणा वाटली. असंच राहिलं तर रक्ताची गुठळी होऊन मेंदूत जाऊ शकते. आजच दाखल व्हा."

म्हणजे मी सावरलो नव्हतो. खरं सांगतो, बरं वाटलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "गेलो तर गेलो. कुणासाठी राहायचंय आता?"

लेक बोलली, अगदी हळू.

"मी कोण आहे मग? शेजारीण?"

तिच्याकडे नीट बघितलं. सहा दिवस ती माझं मनगट धरून होती. तिची नाडी कुणी बघितली नव्हती.

मी खुर्चीवरून उठायला गेलो, तोल गेला. तिने दंड पकडला.

"कुठला वॉर्ड?" मी विचारलं.