लेव्हलच्या नॉबवरची लाल खूण

गोखिवऱ्याला, पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्याच्या माडीवर, आग्नेलचा दुरुस्तीचा गाळा आहे. होड्यांवरची मासे शोधायची यंत्रं बिघडली की अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंतचे तांडेल, म्हणजे होड्यांचे प्रमुख, ती पिशवीत घालून त्याच्याकडे आणतात. वीस वर्षं तो हे काम करतो आहे, आणि वीस वर्षं काम केलेल्या माणसाला जी एक घमेंड येते ती त्यालाही आली होती. त्याच्या टेबलावर विजेच्या सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारा एक जुना ऑसिलोस्कोप होता. त्याच्या 'ट्रिगर लेव्हल' लिहिलेल्या नॉबवर आग्नेलने बायकोच्या नेलपॉलिशने लाल खूण केली होती, आणि नॉब त्या खुणेवरून हलवायचा नाही असा त्याचा दंडक होता. का, असं विचारलं तर म्हणायचा, "चालतंय ना? मग गप बसायचं."

डिसेंबरातल्या एका सकाळी त्याची भाची ग्लोरिया त्या टेबलाशी बसली होती. ती इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती आणि कॉलेजने सांगितलेलं प्रत्यक्ष काम मामाकडे करत होती. तिचा बाप ऑस्टिन, म्हणजे आग्नेलचा मेहुणा, ऑगस्टच्या अखेरीस समुद्रात गेला तो परत आलाच नाही. वादळात होडी उलटली. पाच जणांपैकी चौघांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एका होडीने उचललं. त्यांच्यातला एक खलाशी म्हणाला की दुपारपर्यंत तांडेल ऑस्टिन आमच्यासोबत डिझेलच्या रिकाम्या डब्याला धरून होता, मग त्याचे हात सुटले. शवपेटी रिकामी ठेवावी लागली. पाद्रींनी मिस्सेची प्रार्थना केली, गाव जमलं, आणि आग्नेल बहिणीच्या, मार्गारेटच्या, शेजारी उभा राहिला, तिला धरून.

"मामा, पप्पाचा होडीवरचा वायरलेस सेट घेऊ का?" ग्लोरियाने विचारलं. "मम्मी परत मागते. म्हटलं, रिपेअर करूनच देते. माझं पहिलं काम."

आग्नेलने मान वर केली नाही. सेट मागच्या फळीवर होता, तसेच आणखी दोन सेट होते, आणि तिन्हींवरही त्याच्या अक्षरात चिठ्ठी होती: क्रिस्टल खराब. वायरलेसची कामं तो पूर्वी घेत नसे. ती करणाऱ्या दोस्ताने यंदा दुकान बंद केलं म्हणून हंगामाच्या तोंडावर त्याने घ्यायला सुरुवात केली होती. ऑगस्टमध्ये ऑस्टिनची तक्रार होती की बोलताना आवाज तुटतो. आग्नेलने सेट उघडला, क्रिस्टल ज्याचा ठेका धरतो त्या आतल्या घड्याळाच्या सिग्नलला तार लावली, तर पडद्यावरची लाट एका जागी उभी राहायलाच तयार नाही, सारखी बाजूला सरकत होती. "क्रिस्टल भरकटतोय," तो म्हणाला होता. "ठेवून जा. दोन दिवसांत क्रिस्टल येईल." क्रिस्टल आला नाही. सेटवरून बोलून बघायची तसदीही आग्नेलने घेतली नव्हती, कारण दाराशी तांडेलांची रांग होती आणि निदान तर डोळ्यांसमोर झालेलं होतं.

"घे," तो म्हणाला. "पण क्रिस्टल नाही मिळालेला."

ग्लोरियाने झाकण काढलं, तार लावली. लाट आली, पडद्याच्या खालच्या अर्ध्या भागात, आणि सरकू लागली. आग्नेलला ती लाट ओळखीची वाटली.

"बघितलंस? भरकटतेय."

ग्लोरिया पडद्याकडे वाकली. मग म्हणाली, "मामा, तुमची लेव्हल किती वर आहे! लाट तिथपर्यंत पोचतच नाहीये."

"नॉबला हात नको."

"अहो, पण स्कोपला कळणार कसं कुठून सुरू करायचं?" तिने टेबलावरच्या कागदावर एक लाट काढली. "ठिपका डावीकडून उजवीकडे जातो, परत येतो, परत जातो. दर वेळी लाटेच्या वेगळ्याच जागेपासून सुरू झाला तर चित्र सरकणारच. म्हणून ट्रिगर. आपण त्याला सांगतो, सिग्नल या उंचीला पोचला की निघ. ती उंची म्हणजे लेव्हल. आणि एकच उंची लाट दोनदा ओलांडते, चढताना आणि उतरताना, म्हणून चढताना निघ की उतरताना, तेही सांगायचं. तो स्लोप. दोन्ही ठरलं की प्रत्येक फेरी एकाच जागेपासून सुरू होते. लाट थांबत नाही हो, आपण तिला रोज त्याच दारातून बघतो एवढंच."

"आणि लेव्हलपर्यंत पोचलीच नाही तर?"

"तर वाट बघतो. पण तुमचा ऑटोवर आहे. ऑटो म्हणजे वाट बघून कंटाळला की आपल्या मनाने निघतो. म्हणून सरकते. नॉर्मलवर असता तर पडदा काळा राहिला असता आणि तुम्हाला लगेच कळलं असतं."

आग्नेलला हे माहीत नव्हतं असं नाही. शिकला होता, विसरला होता. लाल खूण त्याने मासे शोधायच्या यंत्रासाठी केली होती. त्या यंत्राचा पाण्यात सोडायचा आवाजाचा ठोका पडद्याच्या वरपर्यंत उसळतो. लेव्हल वर ठेवली की स्कोप तेवढाच ठोका धरतो, मागून येणारे बारके पडसाद आणि खरखर सोडून देतो. त्या कामाला ती खूण अगदी बरोबर होती. वर्षानुवर्षं बरोबर होती, म्हणून तो पुढच्या कामालाही तीच लावत राहिला.

ग्लोरियाने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि नॉब खाली आणला. लाट थबकली. सरकायची थांबली, पण कडा थरथरत होत्या, दुहेरी दिसत होत्या.

"चढती बाजू बघा, किती आळशी आहे. हळूहळू चढते आणि वरून खरखर. खरखरीमुळे लेव्हल कधी आधी ओलांडली जाते, कधी नंतर. उतरती बाजू सरळ कोसळते." तिने स्लोपची कळ उतरत्या बाजूला टाकली.

लाट उभी राहिली. अगदी निश्चल, काच पुसून ठेवावी तशी स्वच्छ.

"मामा!" ती ओरडली. "चांगला आहे क्रिस्टल! काहीच झालेलं नाही!" तिने अँटेनाच्या तारेचं टोक उलटून बघितलं. खारं पाणी लागून ते हिरवं पडलं होतं. "हेच होतं. इथे आवाज तुटत होता. दहा मिनिटांचं काम होतं, मामा, फक्त—"

आणि ती थांबली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद जाताना आग्नेलने बघितला. त्याला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. तिचा बाप दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जिवंत होता. होडी उलटण्याआधी वायरलेसवर दिलेल्या एका हाकेवर तासाभरात होड्या आल्या असत्या.

खालच्या कारखान्यात पत्रा कापायचं यंत्र कचाकचा चालू होतं.

"मम्मीला नको सांगूया," ग्लोरिया शेवटी म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान मुलीचा झाला होता. "काय फायदा? तुम्ही मुद्दाम थोडंच केलं."

आग्नेलला ते हवंच होतं. कुणालाही हवं असतं. सेट नीट करून द्यायचा, क्रिस्टल बदलला म्हणायचं, कोण विचारणार आहे? पण त्याची नजर फळीवरच्या दोन सेटवर गेली. एक विद्याधर तांडेलाचा, एक एरॉलचा. दोघांच्या होड्या वायरलेसशिवाय या क्षणी समुद्रात होत्या. त्याच्याच चिठ्ठीवर विसंबून.

"ते दोन लाव," तो म्हणाला.

दोन्ही लाटा उभ्या राहिल्या. एकाच्या बोलायच्या बटणात मीठ होतं, दुसऱ्याचा फ्यूज सैल होता. दुपारपर्यंत तिन्ही सेट नीट बोलू लागले. आग्नेलने स्वतः प्रत्येकावर बोलून बघितलं. ऑगस्टमध्ये जे करायचं ते डिसेंबरात केलं, आणि करताना स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

चारच्या सुमारास तो तिन्ही सेट पिशवीत घालून पाचूबंदरला पोचला. ग्लोरिया बरोबर आली नाही. "मला मम्मीचं तोंड नाही बघवणार," म्हणाली. मार्गारेट दारात बोंबील वाळत घालत होती. त्याला बघून तिने हात पुसले.

"आला का सेट? ग्लोरियाने केला?"

"ग्लोरियाने केला," तो म्हणाला. "मार्गारेट, बस जरा."

आणि त्याने सांगितलं. स्कोप, लेव्हल, लाल खूण, तिला समजेल तेवढं, पण एकही गोष्ट न गाळता. क्रिस्टल कधी खराब नव्हताच, सेट दहा मिनिटांत नीट झाला असता, हेही सांगितलं.

मार्गारेटने मान वर केली. "मंग तो बोलला असता?"

"हो."

"लोक आले असते?"

"हो, बाय."

तिने समुद्राकडे बघितलं नाही. जमिनीकडे बघत राहिली. मग हळूहळू बोलू लागली, जणू त्याच्याशी नव्हेच. "त्या दिवशी तो जानार नव्हता. म्हनाला, आग्नेलने दोन दिवस सांगितलेत, आग्नेल शब्दाचा पक्का हाय, थांबतो. मीच नाय थांबू दिलं. सगल्यांच्या होड्या गेल्या, तू काय घरात बसून जालं विनतोस, असं बोलले मी त्याला. सेट नाय तर नाय, बापजाद्यांकडं कुठं होता? असं बोलले." तिने पदर तोंडावर धरला. "साडेतीन महिनं झालं, आग्नेल. रोज मी मनात म्हनते, मी मारला त्याला. पाद्रीला पन नाय सांगितलं."

प्रत्येक रविवारी मिस्सेनंतर आग्नेल या घरात येऊन बसला होता, तिला देवाची मर्जी म्हणून सांगत होता, आणि ती मान हलवत होती. एकाच ओझ्याखाली दोघं शेजारी शेजारी बसली होती आणि दोघांनाही ते कळलं नव्हतं.

"तुझा काही दोष नाही," तो म्हणाला. "दोष माझाय. पुरता माझा."

ती रडली. मोठ्याने, हंबरडा फोडून, रिकाम्या शवपेटीसमोरही रडली नव्हती तशी. शेजारच्या बायका दारात आल्या आणि उभ्या राहिल्या. त्याने तिच्या खांद्यावर ठेवायला हात पुढे केला, तर तिने तो बाजूला सारला. रागाने नव्हे. पण सारला.

रडणं ओसरल्यावर तिने डोळे पुसले आणि ऑस्टिनचा सेट पिशवीतून काढून आपल्या मांडीवर घेतला. पिशवीतल्या उरलेल्या दोन सेटकडे तिचं लक्ष गेलं.

"हे कोनाचे?"

"विद्याधरचा आणि एरॉलचा. त्यांचेही क्रिस्टल चांगलेच होते."

"त्यांच्या बायकांना सांगितलंस?"

"आधी तुझ्याकडे आलो."

मार्गारेट उठली. वायरलेस छातीशी धरून ती उंबऱ्यात उभी राहिली. "आज मी मला दोषातून सोडलं, आग्नेल," ती म्हणाली. "तुला सोडायला येळ लागंल. किती, ते मला ठाव नाय. रविवारी येऊ नकोस."

त्याने मान हलवली.

"आता जा. एरॉलचं घर त्या गल्लीत हाय. मला सांगितलंस तसंच सांग. कमी नाय, जास्ती नाय."

आग्नेलने पिशवी उचलली. दारातल्या बायकांनी त्याला वाट करून दिली. गल्लीच्या टोकाला एरॉलची बायको जाळ्याची गाठ सोडवत बसली होती. आग्नेलला बघून ती हसली आणि बसायला पाट सरकवला. तो बसला नाही. उभ्या उभ्याच त्याने बोलायला सुरुवात केली.