घड्याळवाले काकांचं यंत्र

माझ्या नाकावर राग असतो, असं अख्खा वॉर्ड म्हणतो. असतोच. पण त्या शुक्रवारी सकाळी मला माझाच राग आला, आणि तोही एका पेशंटमुळे.

पेशंट म्हणजे आमचे घड्याळवाले काका. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली, आता फुप्फुसं कुरकुरत होती. बावीस दिवस आमच्याकडे होते. शुक्रवारी घरी जायचं ठरलं होतं, पण घरी ऑक्सिजनचं यंत्र बसल्याशिवाय त्यांना सोडता येणार नव्हतं. शनिवार-रविवार यंत्रवाल्यांचं दुकान बंद, म्हणजे शुक्रवार हुकला की थेट सोमवार. काकू गुडघ्यांनी जायबंदी झालेल्या, जिना उतरता येत नाही, त्यामुळे बावीस दिवसांत नवरा-बायकोंनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. फोनवर मात्र भांडायचे, अगदी नियमित!

सोमवारी हेडसिस्टरनी वॉर्डच्या ग्रुपवर लिहिलं होतं, "काकांचं यंत्र शुक्रवारच्या आत घरी बसायला हवं. सगळ्यांनी मिळून बघा." झालं! पाच जणांनी "हो" लिहिलं. त्यात मीही होते.

शुक्रवारी सकाळी मी काकांचा रक्तदाब घेत होते. ते म्हणाले, "सिस्टर, माझं यंत्र कुठवर आलं?"

"बघतोय आम्ही, काका."

"आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे... आम्ही सगळे."

"चार दिवस झाले हेच ऐकतोय," ते शांतपणे म्हणाले. "अहो, दुकानात घड्याळ आलं की मी त्यावर चिठ्ठी लावायचो. कुणी घेतलं, कधी देणार. सगळ्यांचं घड्याळ कुणीच उघडत नाही हो."

बाहेर येऊन मी यंत्रवाल्याला फोन लावला. तो वैतागलेलाच होता. "बाई, तुमच्या वॉर्डातून आतापर्यंत तीन फोन आले. एकानं भाडं विचारलं, एकानं वजन विचारलं, एकानं नुसतं 'आहे ना?' विचारलं. ऑर्डर कुणीच दिली नाही!"

मी कपाळावर हात मारून घेतला. तिघांनीही चौकशी केली होती आणि तिघांनाही वाटलं होतं, पुढचं दुसरा कुणीतरी करेल. आळशी एकही नव्हता, हेच तर दुखणं होतं. मी स्टुलावर बसले आणि ग्रुपवर लिहिलं:

"काकांच्या यंत्राचं काम मी घेतलंय. यंत्रवाल्याशी फक्त मीच बोलेन, बाकी कुणी फोन करू नका. यंत्र चारपर्यंत घरी बसवून, चालवून बघायचं. डॉक्टरसाहेब, चिठ्ठीवर मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन ते लिहून अकराच्या आत सही हवी. कारकूनभाऊ, घरचा पत्ता आणि काकूंचा नंबर आत्ता पाठवा. काही अडलं तर दोन वाजता इथेच सांगेन."

आता चुकलं तर चूक माझी एकटीची, कुणामागे लपायला जागाच नाही.

पण गंमत बघा, नाव घेऊन मागितल्यावर माणसं कशी सुतासारखी सरळ येतात! कारकूनभाऊंनी दोन मिनिटांत पत्ता पाठवला. डॉक्टर राउंड सोडून सही द्यायला आले, वर म्हणाले, "आधी सांगायचं ना, मला वाटलं झालंय."

दोन वाजता मी लिहिलं, "अडलंय. वीज गेली तर लागणारा जादा सिलिंडर या दुकानात नाही. दुसरीकडे विचारतेय, तीनला सांगते." तीनला सिलिंडर मिळाला. हेडसिस्टरनी माझे दोन पेशंट स्वतःकडे घेतले, तेही न मागता. माझी लाडकी माणसं आहेत हो ही, उगाच नाही मी त्यांच्यावर ओरडत.

पावणेचारला काकूंचा फोन आला. "यंत्र चालू झालं. बसवायला आलेल्या मुलानं मला सगळं शिकवलं, मी दोनदा चालवून दाखवलं. आता पाठवा आमच्या माणसाला."

माझा जीव भांड्यात पडला. ग्रुपवर "यंत्र बसलं, चालतंय, काम संपलं" असं लिहिणार, तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तुमचं नाव लिहून ठेवते हं, सिस्टर. सोमवारपासून रोज वॉर्डात फोन करत होते मी. रोज कुणी वेगळंच उचलायचं. बोलायची सगळी गोड, पण ठेवल्यावर कळायचं नाही की मी सांगितलं तरी कुणाला. काल रात्रभर यांच्या पलंगावर चादर घालून तशीच बसून होते, म्हटलं आता काही येत नाहीत हे."

मला गलबलून आलं. "काकू, चुकलं हो आमचं," मी म्हणाले, आणि लगेच सुधारलं, "माझं चुकलं."

"अहो, तुमचं कशाला? तुम्हीच तर केलंत."

बुधवारचा फोन मी उचलला होता.