वस्तूचे नाव न घेता

मंचरला पारसमल शेठजींच्या दुकानात रुग्णांना लागणारे साहित्य मिळते: कमरेचे पट्टे, वाफ घेण्याची यंत्रे, चाकाच्या खुर्च्या, मोठ्या माणसांचे डायपर. त्यांच्या सूनबाई चेतनाताई यांनी हे दुकान ऑनलाइन नेले आणि गेल्या वर्षी मला मदतीला घेतले. मी अवसरीचा, संख्याशास्त्रात एम.एस्सी. झालेला. दुकानाच्या मागच्या बाजूला, काउंटरवरचे बोलणे ऐकू येईल इतक्या अंतरावर, माझे टेबल आहे.

आमची अडचण साधी होती. लोक वस्तू निवडत, मोबाइल नंबर देत, संदेश पाठवायला संमती म्हणून खूण करत आणि पत्त्याच्या पानावर येऊन निघून जात. अशांना व्हॉट्सअॅपवर तीन संदेश जायचे: पहिला तासाभराने, दुसरा एका दिवसाने, तिसरा तीन दिवसांनी. ऑर्डर पूर्ण झाली किंवा ग्राहकाने ‘थांबा’ असे लिहून पाठवले, की उरलेले संदेश आपोआप रद्द होत. मजकूर लिहिण्याची जबाबदारी माझी होती.

मी पहिल्या संदेशाचे दोन मसुदे केले. एकात वस्तूचे नाव नव्हते, दुसऱ्यात होते. दोन्ही शंभर-शंभर जणांना पाठवले. नाव नसलेल्यातून सहा जण परतले, नाव असलेल्यातून नऊ. एवढ्या छोट्या नमुन्यात असा फरक निव्वळ योगायोगानेही पडतो. हे ज्याला कळत नाही अशा विद्यार्थ्याला मी नापास केले असते. तरीही चेतनाताईंना मी ‘दीडपट’ असे सांगितले, कारण तो शब्द ऐकायला बरा वाटत होता.

मग मी तिन्ही संदेशांत नाव घातले. पहिला असा: ‘आपण निवडलेले मोठ्यांचे डायपर (लार्ज, दहा नग) आपली वाट पाहत आहेत.’ दुसरा: ‘शिंकताना, हसताना, प्रवासात आता संकोच नको! मोठ्यांचे डायपर आपल्या कार्टमध्ये आहेत.’ तिसरा: ‘शेवटची संधी! फक्त दोन पाकिटे शिल्लक.’ त्या दिवशी गोदामात चाळीस पाकिटे होती. मीच मोजली होती.

शेठजींनी मसुदा चष्मा वर करून वाचला होता.

“सुदर्शन, काउंटरवर आपण असं ओरडून नाव घेतो का रे?”

“शेठजी, फोनवर माणूस एकटाच वाचतो,” मी म्हणालो.

“बरं,” ते म्हणाले. शेठजी वाद घालत नाहीत. गिऱ्हाइकाने बोटाने दाखवलेली वस्तू ते आधी वर्तमानपत्रात गुंडाळतात आणि मग काउंटरवर ठेवतात. चाळीस वर्षांच्या या सवयीला मी ‘पुरावा’ मानले नव्हते.

सोमवारी अकराच्या सुमारास एक साठी ओलांडलेल्या बाई दुकानात आल्या. पायरीवर क्षणभर थांबल्या, मग पदर आवरत थेट शेठजींपाशी गेल्या.

“प्रयागबाई, डिंभ्याहून? एवढ्या लांब कशाला आलात? कुणाकडून तरी निरोप धाडायचा.”

“निरोपच नको बया आता,” त्या म्हणाल्या. “तुमच्या निरोपांनी तर पार काशी केली माजी.”

माझा हात कीबोर्डवर थांबला.

“काय झालं?”

“नातीनं शिकिवलं व्हतं, फोनवरनं मागवायचं. ईश्टीत दीड तास बसवत न्हाई, तुमाला तर म्हाईत हाय. म्हटलं, घरी येतंय तर बरं. फोटू बघून निवडलं. फोन पोराचा, त्याचाच नंबर घातला. पुढं पिनकोड मागितला. तो कुनाला म्हाईत? दिलं सोडून.”

“मग?”

“मग काय! रात्री सगळी जेवाय बसलेली, सुनंचा भाऊ पावणा आलेला. फोन वाजला. पोरगं म्हनलं, बघा वो पावणं कुणाचं हाय. त्यानं मोठ्यांदी वाचलं. सून उठून आत गेली. पावण्याला वाटलं, कुणीतरी चेष्टा केली. हसला. मी भाकरीकडं बगत बसले.”

शेठजींनी वर्तमानपत्राचा एक कागद पुढे ओढला.

“म्हटलं, एकडाव झालं. लगेच त्यातच बोलून धाडलं, नाव नका लिवू म्हणून. तर दुसऱ्या दिशी आनखी! शिंकताना न् हसताना! मग तिसरा. दोनच पाकिटं ऱ्हायली म्हणं. पोरगं म्हनलं, आई, संपायच्या आदी जाऊन आन बाई एकदाचं. सगळी हसली. आले मग ईश्टीनं.”

मी ग्राहकांच्या उत्तरांचा इनबॉक्स उघडला. तो मी आठवड्यातून एकदा पाहत असे. अर्धवट सोडलेल्या पत्त्यात डिंभे लिहिलेला नंबर सापडला. खाली नऊ सेकंदांचा आवाजी निरोप, न ऐकलेला. प्रणालीला फक्त लिहिलेला ‘थांबा’ हा शब्द कळत होता. मी हेडफोन लावून तो ऐकला.

“बाई, त्याचं नाव नका लिवू. फोन पोराचा हाय. समदी वाचत्यात. तेवडं ऐका.”

पहिल्या संदेशानंतर अकरा मिनिटांनी पाठवलेला होता. त्यानंतर माझ्या नियोजनाप्रमाणे आणखी दोन गेले होते.

माफी मागावी असा विचार आला. पण माफीचा संदेशही त्याच फोनवर, त्याच घरात वाचला गेला असता. मी उठून काउंटरशी गेलो. शेठजींनी मान किंचित हलवली: नको. मी न बोलता परतलो असतो तर हे कोण लिहिते ते प्रयागबाईंना कळलेही नसते. पण त्यांनीच विचारले.

“शेठ, कोन लिवतं हे? का मशीनच?”

“मशीन पाठवतं,” मी म्हणालो. “लिहितो मी. तुमचा आवाज मी आत्ता ऐकला. पाच दिवसांपूर्वी ऐकायला हवा होता.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले आणि त्यांची मान खाली गेली. तेव्हा मला शेठजींच्या ‘नको’चा अर्थ कळला. आतापर्यंत शेठजी आणि घरची माणसे एवढ्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट आणखी एका अनोळखी पुरुषाला ठाऊक असल्याचे मी त्यांना सांगितले होते. माझे मन हलके करायला मी त्यांना पुन्हा एकदा उघडे केले.

“शिकलेला दिसतुयास,” त्या काउंटरच्या काचेकडे पाहत म्हणाल्या. “मग येवढं म्हणावं की, तुमचं ठेवलेलं हाय. काय ठेवलंय ते ज्याचं त्याला म्हाईत असतंय. आन कुटं अडलं ते इचारावं. मी पैशापायी सोडलंच नव्हतं.”

“पाकिटं चाळीस होती,” मी म्हणालो.

“आं? मंग उगंच आले व्हय मी आजच्या आज?”

शेठजींनी वर्तमानपत्रात गुंडाळलेले पाकीट पिशवीत घालून दिले. त्या एसटी स्टँडकडे निघाल्या. आतून बाहेर आलेल्या चेतनाताईंनी गाडीने सोडू का असे विचारले, तर त्या म्हणाल्या, “नको माय, गावात इचारतील, कुनाची गाडी म्हणून.”

दुपारी मी पिनकोडची चौकट काढली. गाव आणि तालुका पुरे, पिनकोड आम्ही शोधतो. आवाजात आलेले कोणतेही उत्तर संदेश थांबवेल आणि चेतनाताईंच्या फोनवर जाईल, अशी व्यवस्था केली. मग मजकूर.

पहिला: ‘पारसमल यांच्या दुकानातून. आपण निवडलेले बाजूला ठेवले आहे. फॉर्म भरताना कुठे अडले असेल तर लिहा किंवा बोलून पाठवा, माणूस ऐकेल.’ दुसरा: ‘गावाचे नाव दिले तरी पार्सल पोहोचते. खोक्यावर फक्त आपले नाव असते. आठवण नको असल्यास “थांबा” लिहा.’ तिसरा: ‘ही शेवटची आठवण. यानंतर आम्ही लिहिणार नाही. लागेल तेव्हा दुकान आहेच.’

चेतनाताईंनी वाचून विचारले, “भाऊ, यानं किती जण परत येतील?”

“माहीत नाही,” मी म्हणालो. “आणि मागचं ‘दीडपट’ खोटं होतं.”

डिंभ्याचा तो नंबर मी यादीतून कायमचा वगळला. महिन्याभराने नव्या मजकुराचे आकडे काढले: एकशे बारापैकी नऊ जण परतले. जुन्यापेक्षा चांगले की वाईट, हे यावरून ठरत नाही.

त्याच आठवड्यात डिंभ्याहून एक ऑर्डर पूर्ण आली. नंबर तोच, गाव आणि तालुका एवढाच पत्ता. त्या ऑर्डरसाठी एकही संदेश गेलेला नव्हता. म्हणून ती मी नऊमध्ये धरलेली नाही.