एकतिसावा सेकंद

०:००
“नमस्कार मंडळी, चहा झाला का सगळ्यांचा?”

बाइंडिंगखान्याच्या ताईंचा व्हॉइस मेसेज नेहमी असाच सुरू व्हायचा. आजचा चव्वेचाळीस सेकंदांचा. तो त्यांनी सकाळी बसस्टॉपवर उभ्या उभ्या बोलून कामाच्या ग्रुपवर टाकला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, कागदाच्या गोदामात निघून गेल्या. ग्रुपात त्या धरून चौघं. कागद कापणारे मामा, शिलाईवाली आणि डिंकाच्या डब्यांतच जन्म गेलेला डिंक्या.

सांगायचं होतं ते एवढंच: कटिंग मशीनचं डावं बटण अडकतंय. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय पातं खाली येऊ नये, हा त्या मशीनचा धर्म. डावं बटण दबलेलंच राहिलं, तर डावा हात पात्याखाली असतानाही उजव्या हाताने पातं पडणार. काल बंद करताना ताईंच्या ते लक्षात आलं होतं. पाटी लिहून अडकवायला हवी होती. कंटाळा केला.

०:०९
“कालच्या वह्यांचे कोपरे मात्र झकास हं, गिऱ्हाईक खूश…”

गोदामात ताईंचं लक्ष कागदाच्या रिमांकडे कमी आणि फोनकडे जास्त. मेसेजवरच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या होत्या, माइक मात्र राखाडी. शिलाईवालीने मागेच समजावलं होतं, “अहो ताई, खुणा निळ्या म्हणजे मेसेज पाहिला. माइक निळा म्हणजे लावला. आणि ग्रुपात एक जण जरी लावायचा राहिला ना, तरी माइक राखाडीच.”

त्यांनी मेसेज दाबून धरला, माहिती उघडली. लावणाऱ्यांत दोनच नावं. मामांचं नव्हतं. फोन केला, उचलला नाही. मशीनच्या आवाजात कुणाचाच फोन कुणाला ऐकू जात नसे.

पाच मिनिटांनी माइक निळा झाला.

“हुश्श,” ताई म्हणाल्या आणि रिम मोजू लागल्या.

०:२२
“डिंक्या, तुझा खोकला कसा आहे रे?…”

तेवढ्यात शिलाईवालीचा मेसेज आला. ताईंनी लावला. “ताई, पांढरा दोरा संपत आलाय, येताना दोन रीळ आणाल का?”

‘आणाल’ आणि ‘का’ यांच्या मधे, मागे कुठेतरी: धप्.

वीस वर्षं पात्याचा तो आवाज ऐकलेला कान. ताईंच्या हातून रिम सुटलं. त्यांनी शिलाईवालीला फोन लावला. नशीब, फोन अजून तिच्या हातातच होता.

“मेन स्विच पाड!”

“काय झालं?”

“आधी पाड, मग विचार!”

पलीकडे धावपळ, मग खट्, मग शांतता. त्या शांततेत मामांचा आवाज आला, “कुणी लाइट घालवली रे माझी?” तो चिडका आवाज ताईंना जन्मात इतका गोड लागला नव्हता.

०:३१
“…आणि हो, कटर लावू नका, डावं बटण अडकतंय, दुपारी मेकॅनिक येतोय.”

ताई तडक परत आल्या. मामा स्टुलावर फुगून बसले होते.

“मामा, मेसेज ऐकला होता ना? माइक निळा होता!”

“ऐकला की. चहा झाला का विचारलंस. झाला होता. फोन ठेवला.”

“अहो, पुढे?”

“पुढे तू कोपऱ्यांचं कौतुक करतेस, मग डिंक्याचा खोकला. तुझं काम अर्ध्या मिनिटानंतर सुरू होतं, हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढ्यात माझे दोन गठ्ठे कापून होतात.”

डिंक्या खोकल्याआड हसला. शिलाईवाली हळूच म्हणाली, “ताई, सुरू केला की लगेच निळा होतो तो. किती ऐकलं, ते त्याला काय कळतंय?”

ताईंनी आपलाच मेसेज सगळ्यांसमोर लावला. एकतीस सेकंद गोड गोड बोलणारी ती बाई त्यांना परकी वाटली. जीवाची गोष्ट हिने शेपटाला का बांधली? आणि आपण त्या बाईला सोडून, मामांना जाब विचारायला निघालो होतो.

मामांनी दोन्ही पंजे समोर धरले. “घे, बघून घे. शाबूत आहेत.”

ताईंना हसू येईना.

०:०४
“कटरला हात लावू नका.”

मशीनवर पाटी टांगून झाल्यावर त्यांनी हा मेसेज टाकला. आख्खा एवढाच, चार सेकंदांचा. माइक लगेच निळा झाला. या वेळी त्या हुश्श म्हणाल्या नाहीत. खाली लिहिलं, “काय सांगितलं ते परत सांगा.”

समोरच्याच स्टुलावर बसून मामांनी फोन तोंडाशी धरला. मेसेज आला. फक्त ताईंना, एक्केचाळीस सेकंदांचा.

“नमस्कार ताई, चहा झाला का…”

मामांच्या फोनवरचा माइक केव्हाच निळा झाला होता. मामा मजेत पाहत होते. ताई फोन कानाशी धरून बसल्या: चहा ऐकला, कोपरे ऐकले, खोकला ऐकला. अडतिसाव्या सेकंदाला मामांचा आवाज उतरला.

“कटर बंद आहे गं. लावणार नाही.”