अरे वा!

विमा कंपनीच्या वेबसाइटवर तीन लेखक तीन तऱ्हांनी बोलायचे. एक वाचकाला 'आपण' म्हणे, दुसरा 'तू', तिसरी नुसते हुकूम सोडी. वैतागून संपादकबाईंनी भाषेची नियमावली लिहिली: सगळीकडे 'तुम्ही', छोटी वाक्यं आणि प्रत्येक पानाची सुरुवात आनंदी. उदाहरण दिलं, 'अरे वा! गाडी घेताय?'

आज सगळी पानं एका सुरात आली, तरी बाईंच्या जिवाला चैन पडेना. पुन्हा एकेक पान तपासताना मृत्यूनंतरच्या विमादाव्याचं पान उघडलं. 'अरे वा! वारसदार आहात?'

"हे दिवे कुणी लावले?" बाई कडाडल्या.

"प्रत्येक पान आनंदी, असं तुम्हीच लिहिलंय, मॅडम," तिसरी म्हणाली.

बाईंनी ते पान पुन्हा वाचलं आणि हळूच विचारलं, "तुझे वडील गेले, तेव्हा शेजारीण आईला काय म्हणाली गं?"

"म्हणाली, 'तुम्ही बसा, बाकीचं मी बघते.'"

बाईंनी नियमातला 'प्रत्येक' खोडला आणि त्या पानावर लिहिलं, 'तुम्ही बसा. कागदपत्रांचं आम्ही बघतो.'

"पण आपण खरंच बघतो का?" तिसरीनं विचारलं.

बाई उठल्या आणि तरातरा दावे विभागाकडे निघाल्या.